सव्वीस टक्के म्हणजे नेमक्या किती जणी?

*मी औषधशास्त्र शिकले आहे आणि आरोग्यावरचं संशोधन सोप्या भाषेत समजावून सांगते. मला फॉलो करणारे बहुतेक जण विज्ञान शिकलेले नाहीत. मध्यंतरी रजोनिवृत्तीनंतर घेतल्या जाणाऱ्या हॉर्मोन गोळ्यांबद्दल लिहिताना मी २००२ मधल्या गाजलेल्या अमेरिकी चाचणीचा निष्कर्ष दिला: 'या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, हे सिद्ध झालं आहे.' आकडा मूळ लेखातलाच होता. पण एकीने विचारलं, 'म्हणजे शंभरातल्या सव्वीस जणींना होतो?' दुसरीने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. एका डॉक्टरांनी 'अतिरंजित' असा शेरा मारला. सगळ्या अटी घालून लिहिलं, तर कोणी वाचणार नाही. मग लिहायचं तरी कसं?*

तुमचा आकडा खरा आहे, पण वाक्य अर्धं आहे. २६ टक्के कशाचे, हे त्यात नाही. शंभरातल्या सव्वीस जणी असा अर्थ काढणाऱ्या बाईंचं काही चुकलं नाही. टक्के म्हटलं की माणूस समोर शंभर माणसं उभी करतो आणि त्यातली मोजतो. तुमचे टक्के मात्र माणसांचे नव्हते, ते एका आधीच्या धोक्याचे होते, आणि तो आधीचा धोका किती, हे तुम्ही सांगितलंच नाही.

तो आधीचा धोका त्याच लेखात आहे. ती चाचणी म्हणजे 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह', आणि तिचा लेख जुलै २००२ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटात वर्षाला दर १०,००० बायकांमागे सुमारे ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. हॉर्मोनची गोळी घेणाऱ्या गटात सुमारे ३८ जणींना झाला. म्हणजे वर्षाला दर दहा हजारांत ८ जणी जास्त. ३० वर ८ म्हणजे सव्वापट, आणि तुमचे २६ टक्के ते हेच. (३८ ला ३० ने भागलं तर १.२७ येतं. लेखातला १.२६ हा आकडा नेमक्या कालावधीचा हिशेब धरून काढलेला आहे, त्यामुळे एवढा फरक पडतो. कोणी बोट ठेवलं तर गडबडू नका.)

नुसते टक्के किती फसवे असतात, हे पाहायला दुसरा अभ्यास शोधायची गरज नाही. त्याच लेखात पक्षाघाताचा धोका ४१ टक्क्यांनी वाढला, असं आहे. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचा धोका तर दुपटीच्याही थोडा वर गेला. आता हेच आकडे माणसांत मोजू. पक्षाघात २१ वरून २९ वर गेला आणि गुठळी ८ वरून १६ वर. म्हणजे २६ टक्के, ४१ टक्के आणि 'दुप्पट' अशा तीन मथळ्यांखाली तिन्ही वेळा वर्षाला दर दहा हजारांत ८ जणीच वाढल्या आहेत. आजार मुळात जितका विरळ, तितका टक्का फुगतो. म्हणून तुमच्या वाचकाला टक्के देण्याआधी दोन संख्या द्या: औषधाशिवाय किती आणि औषधासह किती. टक्के नंतर दिले तर चालतील, नाही दिले तरी काही बिघडत नाही.

या संख्या शोधायच्या कुठे? या लेखात काम सोपं आहे, कारण सारांशातच 'दर १०,००० व्यक्ती-वर्षांमागे' अशा शब्दांत जास्तीचे आणि कमी झालेले रुग्ण दिले आहेत. व्यक्ती-वर्ष हा शब्द वाचकापुढे मात्र ठेवू नका. दहा हजार बायका एक वर्षभर किंवा दोन हजार बायका पाच वर्षं, एवढाच त्याचा अर्थ. सगळे लेखक इतके उदार नसतात. पुष्कळदा सारांशात फक्त गुणोत्तर असतं, आणि मग आत जाऊन निकालांचा तक्ता काढावा लागतो. तिथे दोन गोष्टी हव्यात: प्रत्येक गटात किती माणसं होती आणि किती जणांना आजार झाला. इथे हॉर्मोन गटात ८,५०६ बायका होत्या आणि १६६ जणींना स्तनाचा कर्करोग झाला, तर दुसऱ्या गटात ८,१०२ पैकी १२४ जणींना. भागाकार केला की दर हजारी १९.५ आणि १५.३ येतात, आणि हे सरासरी ५.२ वर्षांतले आकडे आहेत. फरक साधारण ४ चा.

इथे एक बारीकशी ठेच लागते. आधी आकडे गोळाबेरीज करून २० आणि १५ केलेत आणि मग वजाबाकी केलीत, तर फरक ५ येतो, म्हणजे धोका बसल्या जागी पंचवीस टक्के मोठा होतो. आधी वजाबाकी करा आणि मग पूर्णांकात आणा. दुसरी ठेच कालावधीची. वर्षाचा आकडा घेऊन त्याला वीसने गुणायचं आणि 'वीस वर्षांत इतक्या' असं लिहायचं, हे करू नका. या चाचणीत पहिली काही वर्षं दोन्ही गटांच्या रेषा जवळपास सोबतच चालल्या होत्या, आणि हॉर्मोन गटाची रेषा चौथ्या वर्षाच्या आसपास वर सरकू लागली. धोका दरवर्षी सारखाच वाढत नाही. त्यामुळे जितकी वर्षं मोजलं तितक्याच वर्षांचं बोला.

काही अभ्यासांतून हा हिशेब निघतच नाही. आधी आजारी माणसं घेतली आणि मग तुलनेसाठी निरोगी माणसं जमवली, अशा पद्धतीत दोन्हींची संख्या संशोधकानेच ठरवलेली असते, म्हणून मूळ धोका त्यातून कळत नाही. तेव्हा त्याच वयोगटातला मूळ धोका कर्करोग नोंदणीसारख्या दुसऱ्या भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावा लागतो. तो मिळाला नाही, तर नुसता टक्का छापण्यापेक्षा तो निष्कर्ष बाजूला ठेवलेला बरा.

आता उलट बाजूचा मोह. आठ हा आकडा हाती आला की 'फक्त आठ' लिहावंसं वाटतं. 'तब्बल' जितका तुमचा, तितकाच 'फक्त'ही तुमचाच, अभ्यासाचा नव्हे. जिच्या बहिणीला हा आजार झाला आहे तिला आठ फार वाटतील, आणि जिला रात्ररात्र अंगातून वाफा निघाल्यामुळे झोप नाही तिला कदाचित कमी वाटतील. ते तिचं तिला ठरवू द्या. तसंच, तोटे एका मापात आणि फायदे दुसऱ्या मापात देऊ नका. याच लेखात मोठ्या आतड्याचा कर्करोग ३७ टक्क्यांनी आणि खुब्याचं हाड मोडणं ३४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसतं. 'धोका दहा हजारांत ८ ने वाढतो, पण आतड्याचा कर्करोग ३७ टक्क्यांनी घटतो' असं लिहिलंत, तर गोळी अमृत वाटेल. दोन्ही एका मापात आणा: आतड्याचा कर्करोग १६ वरून १० वर, खुब्याचं हाड मोडणं १५ वरून १० वर, म्हणजे ६ कमी आणि ५ कमी. जाहिरातीत ही दुहेरी मापं मुद्दाम वापरली जातात, आणि आपल्या हातून ती नकळत वापरली जातात. वाचकाच्या दृष्टीने परिणाम एकच.

'सिद्ध झालं आहे' याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. २००२ च्या लेखात १.२६ च्या शेजारी कंसात १.०० ते १.५९ अशी मर्यादा छापलेली आहे. तिला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात, आणि लिहिताना बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. तिचा साधा अर्थ असा, की जमा झालेल्या माहितीशी या दोन टोकांमधला कुठलाही आकडा बऱ्यापैकी जुळतो. १.०० म्हणजे काहीच फरक नाही, १.५९ म्हणजे ५९ टक्के वाढ. माणसांत मोजायचं तर ३० वर जास्तीच्या जणी जवळपास शून्यापासून १८ पर्यंत कितीही असू शकतात, आणि सर्वांत जुळणारा अंदाज ८. ज्या मर्यादेचं खालचं टोक 'फरक नाही' वर टेकलेलं आहे, तिच्यासाठी 'सिद्ध' हा शब्द २००२ साली जड होता. 'या चाचणीत वाढ दिसली, मात्र वाढ नेमकी किती हे अजून पक्कं नाही' असं म्हणणं योग्य झालं असतं.

पण तुम्ही लिहिता आहात आज. त्याच बायकांचा पुढे वीसहून अधिक वर्षं माग ठेवला गेला, आणि २०२० साली आलेल्या लेखात याच गोळीसाठी गुणोत्तर १.२८ निघालं, मर्यादा १.१३ ते १.४५. मधला आकडा जवळपास तोच राहिला, मर्यादा मात्र आक्रसली आणि खालचं टोक एकच्या वर गेलं. म्हणून आज 'वाढ होते' हे तुम्ही खणखणीतपणे म्हणू शकता. जुना अभ्यास हाती घेतलात, तर त्याच चाचणीचं पुढचं प्रकरण आलं आहे का, हे आधी बघा. कधी त्याने वाक्य ठाम होतं, कधी मागे घ्यावं लागतं.

क्रियापदाच्या बाबतीत मात्र डॉक्टरांपुढे तुमची बाजू धरता येईल. 'गोळ्यांनी वाढतो' असं कार्यकारण लावणारं वाक्य या चाचणीच्या आधारे लिहिता येतं, कारण कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं होतं. दोन्ही गटांतल्या बायका वयाने, वजनाने, सवयींनी सारख्याच होत्या, आणि फरक काय तो गोळीचा. ज्या अभ्यासात लोक स्वतःच्या मर्जीने गोष्ट करत असतात आणि संशोधक नुसतं निरीक्षण करतो, तिथे हे क्रियापद चालत नाही. तिथे 'घेणाऱ्यांमध्ये जास्त आढळला' इथवरच थांबायचं. याचा धडा याच हॉर्मोनांनी दिला आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या निरीक्षणात हॉर्मोन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार सुमारे निम्मा आढळला होता. तो लेख १९९१ सालचा. गोळ्या हृदयाचं रक्षण करतात, असा समज त्यातून पक्का होत गेला. चिठ्ठी टाकून केलेल्या २००२ च्या चाचणीत मात्र हृदयविकार घटला नाही, उलट दहा हजारांत ७ ने वाढला. आपणहून हॉर्मोन घेणाऱ्या बायका मुळातच जास्त निरोगी आणि सुस्थितीतल्या असणं, हे त्याचं एक कारण. गोळी कोणत्या वयात सुरू केली, हे दुसरं. 'आढळला' आणि 'घटवतो' या दोन शब्दांतलं अंतर इतकं महाग पडू शकतं.

डॉक्टरांना 'अतिरंजित' म्हणावंसं वाटलं, त्याचं कारण माझ्या मते टक्क्यांत नसून 'या गोळ्यांनी' या दोन शब्दांत आहे. कोणत्या गोळ्या? चाचणीत एकच ठरावीक मिश्रण होतं: घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन ०.६२५ मिलिग्रॅम आणि सोबत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाचं प्रोजेस्टिन २.५ मिलिग्रॅम, रोज तोंडाने. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं अशा १०,७३९ बायकांसाठी शेजारीच वेगळी चाचणी चालू होती. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, आणि त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. २०२० च्या लेखात तर तो कमीच निघाला, गुणोत्तर ०.७८. तुमच्या वाक्यात या दोन्ही गोळ्या एकाच पोत्यात गेल्या. तुम्हाला फॉलो करणारी एखादी बाई नुसतं इस्ट्रोजेन घेत असेल, तर तिला तुम्ही अगदी उलटी बातमी दिली आहे.

आणि कोणत्या बायका? वय ५० ते ७९, सरासरी ६३. पन्नाशीतल्या साधारण एक तृतीयांशच होत्या. रजोनिवृत्तीच्या त्रासावर गोळी उपयोगी पडते का, हे या चाचणीला तपासायचंच नव्हतं. वय वाढलेल्या बायकांना हृदयविकारासारखे आजार टाळण्यासाठी ती वर्षानुवर्षं द्यावी का, हा प्रश्न होता. एक्कावन्नाव्या वर्षी त्रास असह्य झाला म्हणून दोन-तीन वर्षांपुरती गोळी घेणारी बाई या आकड्यांत थेट बसत नाही. तुमचं लिखाण वाचणारी बहुधा हीच असते.

आता 'अटी घातल्या तर कोणी वाचणार नाही' याबद्दल. अटींची शेपटी खाली लावली, तर ती खरंच कोणी वाचत नाही. म्हणून त्या शेपटीत ठेवायच्याच नाहीत, पहिल्याच वाक्याच्या कर्त्यात आणि कर्मात बसवायच्या. 'हॉर्मोन गोळ्या' ऐवजी गोळीचा प्रकार, 'बायका' ऐवजी वय, 'वाढतो' च्या शेजारी दोन संख्या. असं काहीसं:

> इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी जोडगोळी रोज घेणाऱ्या, सरासरी ६३ वर्षांच्या बायकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. पाच वर्षांत, ही गोळी न घेणाऱ्या दर हजार बायकांमागे सुमारे १५ जणींना स्तनाचा कर्करोग झाला. घेणाऱ्या दर हजारांत त्याहून साधारण ४ जणी जास्त. पुढच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातही वाढ दिसत राहिली. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही थोड्या वाढल्या; आतड्याचा कर्करोग आणि खुब्याचं हाड मोडणं थोडं घटलं. त्या पाच वर्षांत दोन्ही गटांतल्या एकूण मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. गर्भाशय काढलेल्या बायकांना दिलेल्या नुसत्या इस्ट्रोजेनला हे आकडे लागू नाहीत. चाचणी आजार टाळण्याबद्दल होती, रजोनिवृत्तीचा त्रास कमी करण्याबद्दल नव्हती.

ऐंशी-नव्वद शब्दांचा मजकूर आहे. तुमच्या मूळ वाक्यापेक्षा लांब आहे, हे मान्य. आणखी कापायचंच असेल, तर इतर आजारांचं वाक्य कापा. दोन संख्या, गोळीचा प्रकार आणि वय यांना हात लावू नका.

चित्र काढणार असाल, तर हजार ठिपक्यांचा चौकोन काढा, पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत चाळीस ठिपके. पंधरा ठिपके एका रंगात, त्यांना लागून चार दुसऱ्या रंगात, बाकीचे फिके. ठिपके विखरू नका, एका कोपऱ्यात एकत्र ठेवा, नाहीतर मोजता येत नाहीत. उभे खांब काढायचे असतील, तर पट्टी शून्यापासून सुरू होते आहे ना, ते बघा. ३० आणि ३८ चे खांब २८ पासून काढले, तर एक दोन एककांचा आणि दुसरा दहा एककांचा दिसतो. डोळ्याला पाचपट वाढ झाल्यासारखं वाटतं. आलेख काढणारी बरीच सॉफ्टवेअर ही करामत आपोआप करून देतात.

मजकूर बाहेर सोडण्याआधी तो या विषयातलं काही न शिकलेल्या एका माणसाला वाचायला द्या. 'समजलं का?' असं विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात. मजकूर झाकून ठेवा आणि विचारा: 'गोळी घेणाऱ्या हजार बायकांपैकी किती जणींना कर्करोग झाला? गोळी न घेताही झाला असता अशा त्यातल्या किती?' उत्तर एकोणीस आणि पंधराच्या आसपास आलं, तर झालं. 'चार जणींना झाला' असं उत्तर आलं, तर 'त्याहून जास्त' हे तुमचे शब्द नजरेतून सुटताहेत. अशा वेळी पंधरा आणि एकोणीस या दोन्ही संख्या स्पष्ट लिहा. 'सव्वीस' असं उत्तर आलं, तर टक्के अजून कुठेतरी लपलेले आहेत.

गोळ्या बंद केलेल्या बाईंना आजच उत्तर द्या, आणि त्यात नवा सल्ला देऊ नका. त्या कोणती गोळी, किती वर्षं आणि कशासाठी घेत होत्या, हे तुम्हाला माहीत नाही. गोळी पुन्हा सुरू करायची की नाही, हे ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांच्याशी बोलून ठरवा, असं सांगा, आणि सोबत न्यायला वरचा मजकूर द्या. जुनं लिखाण पुसून टाकू नका. ज्यांनी ते वाचलं त्यांना ते गायब झालेलं कळणारही नाही आणि सव्वीसचा आकडा डोक्यात तसाच राहील. त्याच्या माथ्यावर तारीख घालून लिहा: 'यातले २६ टक्के म्हणजे शंभरातल्या २६ जणी नव्हेत. पाच वर्षांत हजारी सुमारे १५ च्या जागी सुमारे १९ जणी, आणि तेही फक्त जोडगोळीसाठी.' इथला 'फक्त' चालेल, कारण तो गोळीला लागला आहे, आकड्याला नाही.